मुलांची फी, आई-बाबांची औषधं आणि एकच बजेट: हिशोब नेमका कसा मांडायचा

मुलांच्या खर्चाला तारीख असते. मुलगी आज तेरा वर्षांची असेल तर ती अठराची कधी होणार आणि कॉलेजची फी कोणत्या वर्षी भरावी लागणार हे आजच सांगता येतं. आई-बाबांच्या खर्चाला तारीख नसते, त्याला पायऱ्या असतात. वर्षानुवर्षं सगळं एका पातळीवर सुरळीत चालतं आणि मग एखाद्या पडण्याने, एखाद्या ऑपरेशनने खर्च एकदम वरच्या पायरीवर जातो आणि तिथेच राहतो. आणि तिसरा खर्च म्हणजे आपलं स्वतःचं म्हातारपण, त्याला तारीख आहे पण ते कुणी मागायला येत नाही, त्यामुळे पहिल्या दोघांचं भागवताना कात्री नेहमी त्याच्यावर चालते.

मधल्या पिढीचं बजेट कोलमडतं ते बहुतेक वेळा पैसे कमी म्हणून नाही, तर हे तिन्ही खर्च एकाच पद्धतीने, म्हणजे "या महिन्यात किती लागले" असे मोजले जातात म्हणून. खाली एक घर घेऊन सगळं गणित मांडलंय. रक्कम मुद्दाम रुपयांत वगैरे दिलेली नाही, घरात महिन्याला हातात येणारा सगळा पैसा म्हणजे १०० भाग असं धरायचं, मग तुमचा पगार कितीही असो, आकडे तुमच्या घराला लावून बघता येतील.

घर असं: नवरा-बायको ४२ आणि ४० वर्षांचे, दोघं कमावतात, एकाचे ६० भाग आणि दुसऱ्याचे ४०. मुलगी १३ची, मुलगा ८चा. बाबा ७४, आई ६९, दोघं वेगळ्या घरात पण फार लांब नाही. घराच्या कर्जाचे हप्ते अजून ९ वर्षं आहेत.

स्टेप १: आधी वयांचा तक्ता, पैसे नंतर

एक कोरा कागद घ्या. आडव्या ओळीत वर्षं, आजपासून पुढची अठरा-वीस. उभ्या बाजूला घरातल्या प्रत्येकाचं नाव, आणि प्रत्येक चौकटीत त्या वर्षी त्याचं वय. बस एवढंच, अजून एकही रक्कम लिहायची नाही. मग वेगळ्या रंगाने फक्त तारखेचे खर्च टाका: मुलांचं उच्च शिक्षण, कर्ज संपण्याचं वर्ष, आपल्या निवृत्तीचं वर्ष.

आपल्या उदाहरणात लगेच काय दिसतं बघा. पाचव्या वर्षी मुलगी १८ची होते, नवव्या वर्षापर्यंत तिचं शिक्षण चालेल. त्याच काळात बाबा ७९ ते ८३ असतील. आणि कर्जाचे हप्तेही नेमके नवव्या वर्षापर्यंत. म्हणजे पाच ते नऊ ही खरी कात्रीची वर्षं. मुलगा दहाव्या वर्षी १८चा होईल पण तोपर्यंत हप्ता सुटलेला असेल, त्यामुळे त्याच्या शिक्षणाची चिंता मुलीच्या शिक्षणाएवढी नाही, हे बऱ्याच जणांना उलटं वाटत असतं कारण धाकटा "अजून राहिलाय" असं डोक्यात असतं.

हा तक्ता भिंतीवर लावायची गरज नाही पण घरातल्या दोघांनी मिळून करा, एकट्याने केला की दुसऱ्याला तो आरोपासारखा वाटतो.

स्टेप २: आई-बाबांचा पैसा, आई-बाबांसाठी, सगळ्यात आधी

इथे लोक अडखळतात. आई-बाबांना "तुमच्याकडे किती आहे" विचारणं जड जातं, म्हणून मुलं काय करतात, गुपचूप आपल्या खिशातून भरत राहतात आणि आई-बाबांची ठेव तशीच पडून राहते, उद्या ती मुलांनाच मिळणार म्हणून. बाहेरून हे प्रेमळ दिसतं, पण हिशोबात याचा अर्थ एवढाच की आज आपली निवृत्तीची बचत थांबवून आपण उद्याच्या वारशाचे पैसे साठवतोय, आणि तो वारसा भावंडांत वाटला जाणार असेल तर त्यातला काही भाग दुसऱ्यासाठीच साठवतोय. माझं मत स्पष्ट आहे: आई-बाबांचा खर्च आधी त्यांच्या पैशातून, आपला पैसा त्यानंतर.

विचारायचं कसं? रक्कम विचारत सुरुवात करू नका. "तुम्ही आजारी पडलात तर मला कोणत्या बँकेत जायचं, कोणती पॉलिसी वापरायची हे माहीत नाही, मला एका कागदावर लिहून द्या" असं म्हटलं तर बहुतेक आई-बाबा तयार होतात, कारण यात त्यांच्याकडे मागणं नाही, त्यांच्यासाठी धावायची तयारी आहे. कागदावर पाच गोष्टी हव्यात: दरमहा येणारं उत्पन्न, दरमहा होणारा खर्च, ठेवी आणि बचत, कुणाचं देणं असेल तर ते, आणि विमा किंवा सरकारी आरोग्य सवलत जी काही असेल ती. देणं हमखास विसरलं जातं, नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने, कुणासाठी जामीन राहिलेले, हे मुद्दाम विचारा.

आपल्या घरात समजा बाबांची पेन्शन २० भाग आणि दोघांचा खर्च २६. म्हणजे महिन्याला ६ भाग कमी पडतात. बचत ७०० भाग. त्यातले १५० अचानक हॉस्पिटलसाठी बाजूला, त्याला हात लावायचा नाही. उरले ५५०. महिन्याला ६ म्हणजे वर्षाला ७२, तर ५५० साधारण साडेसात वर्षं पुरतील (व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं धरलंय).

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, पेन्शन महागाईबरोबर वाढते का हे बघा. वाढत नसेल तर २६चा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत पाच वर्षांत ३५च्या आसपास जातो, पेन्शन २०च राहते, आणि कुणीही आजारी न पडता ६चा खड्डा १५चा होतो. आपल्या उदाहरणात पेन्शन वाढती धरलीय, तुमच्याकडे तसं नसेल तर हे गणित आधी करा. दुसरी, दोघांपैकी एक गेल्यावर खर्च निम्मा होत नाही. घर तेच, वीज तीच, कामाला येणारी बाई तीच, त्यामुळे एकट्याचा खर्च दोघांच्या साधारण दोन तृतीयांश राहतो, म्हणजे २६चे १७-१८. पण मागे राहिलेल्याची पेन्शन निम्मी होत असेल तर २०ची १०. म्हणजे माणूस एक कमी झालं आणि खड्डा ६चा ८ झाला. आई बाबांपेक्षा पाच वर्षांनी लहान आहे, तर हा प्रसंग येण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून बचत "बाबांना पुरेल का" असं न बघता "आईला शेवटपर्यंत पुरेल का" असं बघायचं.

स्टेप ३: सोबत कितपत लागणार, हे वयावर नाही पायरीवर

औषधं, तपासण्या हे महाग असतं हे खरं, पण वर्षानुवर्षं चालणारा मोठा खर्च बहुतेक वेळा माणसाच्या वेळेचा असतो, आंघोळ घालणारं, रात्री उठवणारं, सोबत बसणारं माणूस. आणि तो ओळखायला डॉक्टरी जगात जुनी आणि सोपी यादी आहे. १९६३ साली सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी रोजच्या सहा कामांची मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि हाताने जेवणं. मग १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी जरा वरच्या पातळीची आठ कामं घेतली: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशाचा व्यवहार.

बजेटसाठी याचे तीन टप्पे पाडा.

पहिली पायरी, दुसऱ्या यादीतलं एखाद-दोन काम जमेनासं झालं. आठवड्याला ६ तास मदत पुरते. दुसरी पायरी, पहिल्या यादीतलं एक-दोन काम जमत नाही, बहुतेक वेळा सुरुवात आंघोळीपासून होते. रोज ४ तास, म्हणजे आठवड्याला २८. तिसरी पायरी, सतत कुणीतरी हवं. आठवड्यात तास १६८ असतात.

६, २८, १६८. हे आकडे एकदा नीट बघा, कारण पायरी चढताना खर्च थोडा वाढत नाही, पटीत वाढतो. समजा मदतनिसाच्या १० तासांना १ भाग पडतो (तुमच्याकडचा दर चौकशी करून टाका, अंदाजाने नको). पहिल्या पायरीवर महिन्याला २६ तास म्हणजे २.६ भाग, दुसरीवर साधारण १२ आणि तिसरीवर पाळ्या लावून माणसं ठेवली तर ७३. शंभरातले त्र्याहत्तर! म्हणजे तिसरी पायरी महिन्याच्या बजेटमधून चालवायची गोष्टच नाही. एक माणूस आठवड्याला ४२ तास काम करतं धरलं तर १६८ तासांना चार माणसं लागतात, त्यांच्या सुट्ट्या वेगळ्या. घरात राहणारं एकच माणूस ठेवलं तर स्वस्त पडतं पण त्यालाही झोप आणि सुट्टी लागतेच, त्या तासांना घरचं कोण उभं राहणार हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ते माणूस सोडून जातं. तिसऱ्या पायरीसाठी तीनच रस्ते खरे असतात: राहती सोय असलेली संस्था, एकत्र राहणं, किंवा आई-बाबांची मालमत्ता भाड्याने देऊन वा विकून तो पैसा वापरणं. यातला कोणता, हे आई-बाबा स्वतः बोलू शकतात तोवर त्यांनाच विचारून ठेवा.

पायरी बदलतेय हे कसं कळतं? फोनवर विचारलं तर "सगळं ठीक आहे" हेच उत्तर येणार. घरी गेल्यावर बघायचं. औषधाच्या पाकिटात तारखेच्या मानाने गोळ्या जास्त उरल्यात का, एकच बिल दोनदा भरलंय का किंवा न उघडलेली पत्रं साचलीत का, कपडे ढिले झालेत का, दंडावर किंवा गुडघ्यावर न सांगितलेला डाग दिसतो का. पैशाचे व्यवहार आणि औषधं यातला गोंधळ आंघोळ-कपड्यांच्या अडचणीच्या बराच आधी दिसायला लागतो, म्हणून तो दिसला की तक्त्यावर खूण करा, तुमच्या हातात अजून वेळ आहे. आपल्या घरात बाबा सध्या पहिल्या पायरीवर आहेत असं धरू.

स्टेप ४: महिन्याची मांडणी

आता १०० भाग बसवायचे. कर्जाचा हप्ता २४, घरखर्च ३१, मुलांची शाळा आणि क्लास १३, विमा ४, आपली निवृत्ती १०, मुलांच्या उच्च शिक्षणाची बचत ६, आई-बाबा ७, अडीअडचण ३, आणि राहिलेल्या २ भागांबद्दल पुढच्या स्टेपमध्ये सांगतो.

आई-बाबांचे ७ दोन तुकड्यांत आहेत. ३ भाग पहिल्या पायरीच्या मदतनिसाचे. बाकी ४ भाग दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचे, खर्च झाला नाही तरी टाकायचेच. का, तर आई-बाबांचे बरेच खर्च "अचानक" वाटतात पण अचानक नसतात. दात, चष्मा, कानाचं मशीन, वर्षाच्या तपासण्या, बाथरूममध्ये धरायचे दांडे आणि न घसरणारी फरशी, त्यांच्याकडे जाण्यायेण्याचा खर्च. यादी करून प्रत्येकापुढे "किती वर्षांतून एकदा" लिहा आणि रक्कम तेवढ्या वर्षांनी भागा. कानाचं मशीन २५ भागांचं असेल आणि पाच वर्षं टिकत असेल तर ते वर्षाला ५. अशी सगळी बेरीज आपल्या घरात वर्षाला ४८ आली, म्हणून महिन्याला ४. हे खातं नसेल तर यातला प्रत्येक खर्च क्रेडिट कार्डावर जातो आणि मग व्याज लागतं ते वेगळंच.

हे खातं आपल्या रोजच्या खात्यात मिसळायचं नाही, आणि आई-बाबांच्या खात्यातून काढलेले पैसेही आपल्या खात्यातून फिरवायचे नाहीत. आज विश्वासाचं वाटतं, दहा वर्षांनी भावंडं हिशोब मागतात तेव्हा कुणाकडेच उत्तर नसतं.

स्टेप ५: खड्ड्याला आकडा लावा

आता तक्ता आणि स्टेप २ एकत्र ठेवा. आई-बाबांची बचत साडेसात वर्षं पुरते. आपला हप्ता सुटतो नवव्या वर्षी. मधली दीड वर्षं त्यांचे ६ भाग आपल्यावर येतात, आणि ती नेमकी मुलीच्या कॉलेजची वर्षं. दीड वर्ष म्हणजे १८ महिने, गुणिले ६, म्हणजे १०८ भाग. आजपासून ते साडेसात वर्षांत जमवायचे तर महिन्याला १.२. वर जे २ भाग ठेवले होते ते यासाठी.

पण हे बाबा पहिल्याच पायरीवर राहिले तर. समजा चौथ्या वर्षी ते दुसऱ्या पायरीवर गेले. मदतनिसाचे १२ झाले, त्यातले ७ आपण देतो आणि ५ त्यांच्या बचतीतून, म्हणजे बचतीतून महिन्याला ६ अधिक ५, ११ जायला लागले. तोपर्यंत ५५०चे २६२ उरलेत, ते दोन वर्षांत संपतात. सहाव्या ते नवव्या वर्षाचा खड्डा होतो ३६ गुणिले ११, म्हणजे ३९६. आपले दरमहाचे २ भाग सहाव्या वर्षापर्यंत १४४ झालेले असतात. उरलेले अडीचशे कुठून आणायचे?

इथे आकड्यांपेक्षा निर्णय मोठा असतो. एकत्र राहायचं ठरलं तर दोन घरांचा दुहेरी खर्च वाचतो, २६चे समजा १८ होतात, ते २० पेन्शनमध्ये बसून २ उरतात, आणि मदतनिसाच्या ५ मधून ते वजा केले तर खड्डा महिन्याला फक्त ३चा. ३६ महिन्यांचे १०८, आणि आपल्याकडे १४४ आहेत. रिकाम्या झालेल्या घराचं भाडं आलं तर ते यातलं नाहीच. म्हणजे पूर्ण कोडं एका निर्णयाने सुटतं. पण तो निर्णय फुकट नाही हेही लिहून ठेवा: एक खोली जाते, मुलीच्या परीक्षेच्या वर्षात घरातली शांतता जाते, बाबांचा डॉक्टर आणि मित्र सुटतात, आणि मदतनीस नसतानाचे सगळे तास आपल्या घरावर येतात. काही घरांना ३९६ परवडले पण हे नाही, तेही बरोबरच आहे, फक्त आकडा बघून ठरवलेलं असावं.

स्टेप ६: पैसे कमी पडले तर काय आधी कापायचं, हे आजच लिहा

दुसऱ्या पायरीवर आपल्या खिशातून ३चे ७ होतात, म्हणजे ४ भाग जास्त. ते कुठून? ऐनवेळी ठरवलं तर हात आपोआप निवृत्तीच्या १० कडे जातो कारण तिथे कुणी रडत नाही. म्हणून क्रम आधीच लिहून दोघांनी मान्य करा. माझा क्रम असा: आधी कर्जात जादा भरत असाल तर ते थांबवा, मग घरखर्चातले २, मग क्लासमधले २, मग मुलांच्या उच्च शिक्षणाची बचत, आणि निवृत्ती सगळ्यात शेवटी.

मुलांच्या शिक्षणाच्या बचतीला निवृत्तीच्या आधी कापायचं हे वाचून राग येईल, येऊ दे. शिक्षणाला कर्ज मिळतं, शिष्यवृत्ती मिळते, स्वस्त कॉलेज निवडता येतं. निवृत्तीला कुणी कर्ज देत नाही. आणि थांबवण्याची किंमत किती ते बघा: ४२व्या वर्षापासून पाच वर्षं महिन्याला १० भाग टाकले नाहीत तर हातात ६०० भाग राहिल्यासारखे वाटतात. तेच वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले असते तर साठाव्या वर्षी साधारण १९०० झाले असते. ते १९०० नसतील तर मग तेव्हा कोण भरणार, तर आज ज्यांची फी भरतोय तीच मुलं, त्यांच्या तिशी-चाळिशीत.

अगदीच वेळ आली तर १०चे ५ करा, शून्य करू नका, थांबलेली बचत पुन्हा सुरू करायला लोक वर्षं लावतात.

मग नोकरी सोडण्याचा प्रश्न. "कुणीतरी घरी राहायला हवं" हे वाक्य घरात येतं आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा सून किंवा मुलगी. दुसऱ्या पायरीवर ४० भागांची नोकरी सोडून १२ भागांची मदत वाचवणं हा सरळ तोटा आहे, शिवाय पगारवाढ आणि निवृत्तीची भर जाते आणि पाच वर्षांनी परत त्याच पगारावर कुणी घेत नाही. तिसऱ्या पायरीवर ७३ विरुद्ध ४० असं दिसतं, वाटतं नोकरी सोडणं स्वस्त, पण एक माणूस १६८ तास करूच शकत नाही, रात्रीसाठी कुणीतरी ठेवावंच लागतं, मग ४०ही गेले आणि मदतनिसाचा खर्चही उरला. त्याआधी कमी तासांची नोकरी, घरून काम, काही महिन्यांची बिनपगारी रजा हे विचारून बघा, आणि रजा घ्यायचीच असेल तर नवऱ्यानेही घ्यावी की.

स्टेप ७: भावंडं असतील तर तासांना पैसे लावा

आपल्या घराला भाऊ-बहीण नाही असं धरलं होतं. असेल तर भांडण ठरलेलं असतं: लांबचा म्हणतो मी पैसे पाठवतो, जवळचा म्हणतो धावपळ मी करतो. दोघंही खरं बोलतात, फक्त मापं वेगळी आहेत. एकाच मापात आणा. जवळचा आठवड्याला १० तास देतो, महिन्याला ४३ तास, मदतनिसाच्या दराने ४.३ भाग. रोख खर्च ७. एकूण ११.३, निम्मे साधारण ५.६५. म्हणजे लांबच्याने ५.६५ रोख द्यायचे, जवळच्याने त्याचे तास आणि वर १.३५ रोख. कमाईत फार फरक असेल तर निम्मं-निम्मं न करता कमाईच्या प्रमाणात करा, पण तासांची किंमत धरूनच.

हे दोघांना दिसेल अशा एका शीटवर ठेवा, दर महिन्याला ओळ भरा. आणि काही तास पैशाने भरून निघत नाहीत हे लांबच्याने समजून घ्यायचं, वर्षातून दोन आठवडे येऊन राहावं म्हणजे जवळच्याला सुटी मिळते.

स्टेप ८: सही करता येतेय तोवर कागद

बँकेत कुणाला व्यवहाराचा अधिकार, नॉमिनी बरोबर आहेत का, मृत्युपत्र, आणि उपचारांबद्दल त्यांची इच्छा. मुखत्यारपत्र करताना वकिलाला एक प्रश्न नक्की विचारा: आई-बाबांची समज गेली तर हे चालेल का? कारण साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत नेमकं तेव्हाच निकामी होतं जेव्हा त्याची गरज असते, आणि मग त्यांच्याच ७०० भागांतून त्यांच्याच औषधाला पैसे काढता येत नाहीत, सगळं आपल्या १०० मधून जातं.

तक्ता पुन्हा कधी उघडायचा

दर सहा महिन्यांनी, आणि कुणी पडलं किंवा हॉस्पिटलमध्ये राहून आलं की लगेच. बजेट घसरतंय याच्या खुणा ठरलेल्या आहेत: आई-बाबांचं ४ भागांचं खातं सलग रिकामंच राहतंय, कार्डाची बाकी पुढच्या महिन्यात जातेय, किंवा मुलांच्या शिक्षणाच्या खात्यातून "तात्पुरते" काढलेले परत गेलेले नाहीत. यातलं एक दिसलं तरी यादीतलं पुढचं काहीतरी कापायची वेळ झाली.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मात्र एक घाई करू नका. पहिले काही आठवडे माणूस तिसऱ्या पायरीवर असल्यासारखा दिसतो, आणि त्या घाबरलेल्या आठवड्यांत लोक नोकरी सोडतात, घर विकायला काढतात, संस्थेत मोठी अनामत भरतात. बरीच माणसं व्यायामोपचार आणि नीट खाण्यापिण्याने दोन-तीन महिन्यांत एक पायरी खाली येतात. म्हणून त्या काळाचा खर्च बाजूला ठेवलेल्या १५० मधून करा, मदतनीस महिन्याच्या बोलीवर घ्या, आणि तीन महिन्यांनी ती सहा कामांची यादी पुन्हा घेऊन बसा. जे काम तेव्हाही जमत नसेल तेवढंच कायमच्या बजेटमध्ये धरा.